सणासुदीच्या महिन्यांतील रजांचा आराखडा

श्रावण सरत आला की आमच्या कापडाच्या दुकानात दोन मागण्या एकाच वेळी येऊन उभ्या राहतात. गिऱ्हाईक माल दाखवा म्हणते आणि सहकारी मंडळी रजा द्या म्हणतात. दोन्ही मागण्या रास्त असतात, आणि दोन्हींचे कारण एकच सण असतो. पाच, सात किंवा नऊ माणसांवर चालणाऱ्या आपल्यासारख्या दुकानांत या वेळी जी ओढाताण होते, तिच्याविषयी आमच्या अनुभवाला आले ते सभासदबंधूंपुढे ठेवावे, अशी सूचना संघाच्या बैठकीत झाली. म्हणून हा लेख. आमचे दुकान बेळगावात आहे आणि आमच्याशिवाय तेथे सात माणसे काम करतात. तेवढ्याच मर्यादेत आम्ही बोलणार आहोत. मोठ्या पेढ्यांचे प्रश्न वेगळे आहेत.

प्रथम आमची चूक सांगणे प्राप्त आहे. २०२५ सालापर्यंत आमच्याकडे रजेचा नियम असा नव्हताच. जो आधी मागेल त्याला मिळे, आणि जो संकोची असेल तो मागे राही. आमचे दिवाणजी, म्हणजे गल्ला आणि खातेवही सांभाळणारे गृहस्थ, आंबोली घाटाखालचे. त्यांच्या घरी पाच दिवसांचा गणपती असतो. सलग तीन वर्षे त्यांनी आषाढातच शब्द टाकला आणि सलग तीन वर्षे आम्ही "बघू" म्हणून तो टोलवला, कारण गल्ल्यावर बसणारे दुसरे कोणी नव्हते. २०२५ च्या दिवाळीचा पाडवा झाला, त्या रात्री त्यांनी रोजमेळ जुळवला, चाव्यांचा जुडगा गादीवर ठेवला आणि म्हणाले, "अण्णा, उद्यापासून मी येत नाही. तीन वर्षं झाली, चतुर्थीला मी आमच्या पाटापुढं बसलो नाही. वडील आता थकलेत." आवाज चढवला नाही, पगारही मागितला नाही.

पुढचा पंधरवडा आम्ही विसरणार नाही. इचलकरंजी आणि सुरतेच्या व्यापाऱ्यांचे पैसे पाठवावयाचे, तर बँकेचा सांकेतिक आकडा त्यांच्याच भ्रमणध्वनीवर जाई. उधारीच्या वहीतील निम्म्या खुणा त्यांनाच समजत. शेवटी आम्ही स्वतः त्यांच्या गावी गेलो. त्यांच्या वडिलांनी चहा दिला, आमच्या दुकानाची चौकशी केली, आणि मुलाच्या नोकरीविषयी एक शब्दही काढला नाही. दिवाणजी परत आले, पण रजा आधी ठरेल आणि ठरली म्हणजे ठरली, ही त्यांची अट होती. पुढे जे लिहिले आहे ते त्या अटीतून निर्माण झाले.

आम्ही कागद घेऊन बसलो तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की, सात जणांपैकी किती जण रजेवर जाऊ शकतात, हा प्रश्नच चुकीचा आहे. सातातून तीन गेले तरी दुकान चालते आणि एक गेला तरी बंद पडते. म्हणून आम्ही डावीकडे माणसे आणि वरच्या बाजूस कामे असा तक्ता केला. साडी दाखवणे, तागे फाडून देणे म्हणजे शर्ट-पँटचे कापड, मुलांचे तयार कपडे, गल्ला, आणि वाहतूक कचेरीतून माल सोडवून गाठी फोडणे, ही पाच कामे. ज्या माणसास जे काम आम्ही शेजारी उभे न राहता करता येते, तेथे खूण. "थोडेफार येते" याला खूण नाही. या एका कसोटीवर फार काटेकोर राहावे लागते, कारण सणाच्या गर्दीत थोडेफार येणे कामाला येत नाही.

तक्ता पुरा झाला तेव्हा साडीच्या रकान्यात तीन खुणा होत्या, ताग्यांच्या रकान्यात दोन, मुलांच्या कपड्यांत चार, मालाच्या रकान्यात दोन, आणि गल्ल्याच्या रकान्यात एकच. त्या एकाची बदली म्हणजे आम्ही स्वतः. आता येथे आपल्या समाजाची विशेष अडचण लक्षात घ्यावी. गणेशचतुर्थी भाद्रपद शुद्ध चतुर्थीस आणि दिगंबर आम्नायाचे दशलक्षण पर्व पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत. म्हणजे ज्या दहा दिवसांत गल्ल्यावरच्या माणसास गावी जावयाचे असते, नेमके त्याच दहा दिवसांत त्याची एकमेव बदली सकाळी अभिषेक-पूजेला आणि सायंकाळी प्रवचनाला मंदिरात असते. श्वेतांबर बंधूंचे पर्युषण चतुर्थीच्या सुमारास संपते, म्हणून त्यांची अडचण आठवडाभर आधी, गणपतीच्या खरेदीच्या ऐन दिवसांत येते. आमच्या दुकानात ही गाठ आणखी घट्ट होती, कारण मुलांच्या कपड्यांवर बसणारा तरुण जैनच आहे आणि त्यालाही सकाळची पूजा हवी असते.

म्हणून बदली माणूस निवडताना हुशारीपेक्षा आधी त्याचा सण पाहावा, असे आम्ही ठरवले. ज्याच्या जागी बसावयाचे त्याचा आणि बसणाऱ्याचा मोठा सण एकाच आठवड्यात येता कामा नये. साडी विभागात तिघे आहेत. एक ज्येष्ठ गृहस्थ शहरातलेच, त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती. एक भगिनी, त्यांच्या घरी गौरी उभ्या राहतात. दुसऱ्या भगिनी बैलहोंगलकडच्या लिंगायत घरातल्या, त्यांना दिवाळीत माहेरी जाणे अगत्याचे, गणपतीत मात्र विशेष अडचण नाही. ताग्यांवर बसणारे गृहस्थ मुसलमान, त्यांना दोन्ही ईद आणि ईद-ए-मिलाद हवी. मालाचा गडी चंदगडकडचा, त्याच्याही घरी पाच दिवसांचा गणपती. गल्ल्याची बदली म्हणून हिशेब उत्तम जाणणारा जैन तरुण सर्वांच्या मनात होता, पण तो आमच्याच बरोबर मंदिरात असणार. निवड झाली ती बैलहोंगलच्या भगिनींची.

गल्ला शिकवणे म्हणजे बिल फाडणे शिकवणे नव्हे. संगणकावरचे बिल कोणीही आठ दिवसांत करू लागतो. अवघड आहे तो रात्रीचा रोजमेळ. आता दिवसाची विक्री रोख रकमेत, भ्रमणध्वनीवरून थेट खात्यावर, आणि कार्डावर अशा तीन वाटांनी येते, शिवाय उधारी. या चारही बेरजा बिलांच्या बेरजेशी जुळल्या पाहिजेत. खात्यावर पैसे आल्याची घोषणा करणारी पेटी गर्दीत बोलते आणि ती कोणत्या गिऱ्हाइकासाठी बोलली हे समजत नाही. म्हणून त्या वाटेने पैसे आले की बिलावर त्याच वेळी खूण करावयाची, ही सवय लावावी लागते. उन्हाळ्याची लग्नसराई ओसरल्यावर, जेव्हा दुकानात वेळ असतो, तेव्हा तीन आठवडे दिवाणजी शेजारी बसले आणि भगिनींनी गल्ला चालवला. चौथ्या आठवड्यात दिवाणजींना आम्ही मुद्दाम तीन दिवस घरी बसवले. पहिल्या रात्री मेळ साडेतीनशे रुपयांनी चुकला, एका परत आलेल्या साडीची नोंद राहिली होती. तिसऱ्या रात्री जुळला. ही चूक भाद्रपदात न होता आषाढात झाली, एवढ्यासाठीच ते तीन दिवस होते. त्याच सुमारास बँकेचा सांकेतिक आकडा आमच्या स्वतःच्या क्रमांकावर घेतला आणि उधारीच्या खुणांची यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली.

आता कोणत्या दिवशी किती माणसे लागतात, याकडे वळू. येथे बहुतेकांची चूक होते ती तारखेवर विसंबण्याची. गतसाली ऑगस्टच्या शेवटी गर्दी होती म्हणून यंदाही तेव्हाच माणसे रोखून धरावी, हा हिशेब अधिक मासाच्या वर्षी पार कोसळतो. २०२५ साली गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला, म्हणजे अठरा दिवस पुढे. दसरा २०२५ साली २ ऑक्टोबरला, २०२६ साली २० ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरला. याउलट मुसलमानी वर्षास अधिक मास नसल्याने ते सण दरसाल सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात. २०२५ साली ईद-ए-मिलाद ५ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला अशी लागून आली होती, आणि आमच्याकडे त्या दोन दिवसांत ताग्यांची बाजू अक्षरशः उघडी पडली. २०२६ साली ती ईद चंद्रदर्शनाप्रमाणे ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात येते, चतुर्थीच्या तीन आठवडे आधी. अर्थात एका वर्षाची अडचण दुसऱ्या वर्षी आपोआप नाहीशी होते, आणि जेथे नव्हती तेथे उत्पन्न होते. म्हणून रजेचा आराखडा दरवर्षी नव्याने आणि पंचांग पुढे ठेवूनच केला पाहिजे.

आम्ही मागील दोन वर्षांची बिले तिथीवार मोजली. चतुर्थीला शून्य धरून तिच्या आधी इतके दिवस आणि नंतर इतके दिवस, असे रकाने केले. दोन्ही वर्षांचे चित्र जवळजवळ एकसारखे निघाले, जे तारखांनी मांडले असता मुळीच जुळत नव्हते. चतुर्थीच्या आधीचा आठवडा भरलेला. पंचमीस जेमतेम काही. गौरी आवाहनाच्या आदल्या दोन दिवशी साड्यांची गर्दी, आणि आवाहन झाले की पुन्हा शांतता. अनंत चतुर्दशीनंतरच्या पितृपक्षात नवे कापड घेण्याची आपल्याकडे रीत नाही, त्यामुळे विक्री निम्म्यावर. घटस्थापनेपासून चढ, दसऱ्यानंतर चार-पाच दिवस किंचित उतार, मग लक्ष्मीपूजनापर्यंत सतत चढण. भाऊबीज झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत पुन्हा विश्रांती, कारण लग्नाचे बस्ते त्यानंतर बांधले जातात.

यावरून रजा पितृपक्षात द्याव्या असे कोणासही वाटेल, आणि आम्हालाही तसेच वाटले होते. पण येथे एक खाचखळगा आहे. दुकानाची गादी पितृपक्षात ओस असली तरी माळा ओस नसतो. दिवाळीच्या गाठी याच पंधरवड्यात येतात. त्या सोडवणे, फोडणे, मोजणे, किंमतचिठ्ठ्या लावणे हे सर्व घटस्थापनेच्या आत उरकावे लागते. म्हणून या दिवसांत विक्रीच्या मंडळींनी रजा घ्यावी, मालाच्या गड्याने मात्र घेऊ नये. त्याची भरपाई भाऊबीजेनंतर.

तिथीवार गरज काढल्यावर आम्ही तीत एक माणूस अधिक धरला. चार लागत असतील तर पाच हजर. हा पाचवा चैन म्हणून नव्हे. सणात कोणाच्या घरी कोणी आजारी पडतेच, आणि अधिक माणूस नसेल तर एका तापाने सारा आराखडा मोडतो व दुसऱ्या कोणाची ठरलेली रजा रद्द करावी लागते. दिवाणजींची अट आम्हाला येथे आठवत होती.

त्यानंतर प्रत्येकास बोलावून दोन प्रश्न विचारले. कोणता सण काही झाले तरी घरी हवा, आणि कोणता सोडता येईल. किती दिवस हवेत हे विचारले नाही, कारण दिवसांचा आकडा विचारला की माणूस नाकारले जाण्याच्या भीतीने वाढवून सांगतो. घरात काय असते आणि कोणत्या घटकेला तुमची गरज असते, हे विचारले. त्यातून निघाले की साडी विभागातील ज्येष्ठ गृहस्थांना, जे दरवर्षी चार दिवस मागत, प्रत्यक्षात चतुर्थी आणि दुसरा दिवस एवढेच हवे होते. चार मागितले तर दोन मिळतील, हा त्यांचा जुना हिशेब होता! गौरीवाल्या भगिनींना आवाहनाची सायंकाळ आणि पूजनाचा संपूर्ण दिवस हवा होता. जैन तरुणाला रजा नकोच होती, दहा दिवस सकाळी अकराला येण्याची मुभा हवी होती.

२०२६ च्या गणपतीचा आराखडा मग असा बसला. दिवाणजींनी १३ सप्टेंबरच्या दुपारी रोख मोजून, दोघांच्या सह्या करून गल्ला सोपवावयाचा आणि गावी निघावयाचे. १४ ला चतुर्थी, दुकान सर्वांस बंद. १५ ला पंचमी. जुन्या बिलांवरून त्या दिवशी तिघे पुरतात आणि तेही दुपारी चारनंतर. रजेवर दिवाणजी, मालाचा गडी आणि दीड दिवसाच्या गणपतीचे गृहस्थ असे तिघे. हजर चौघे: गौरीवाल्या भगिनी साड्यांवर, बैलहोंगलच्या भगिनी गल्ल्यावर, ताग्यांचे गृहस्थ आपल्या जागी, आणि जैन तरुण मुलांच्या कपड्यांवर. गरज तीन, हजर चार. १६ तारखेस ज्येष्ठ गृहस्थ परत, म्हणून हजर पाच. गौरीची खरेदी येते ती या पाच जणांवर निभते, आणि आम्ही दुपारभर दुकानात असतो. गौरीपूजनाच्या दिवशी भगिनी रजेवर, हजर पुन्हा चार, पण आवाहनानंतर गर्दी नसल्याने गरज तीनचीच. १८ ला पाचव्या दिवसाचे विसर्जन. चंदगड जवळ असल्याने मालाचा गडी १९ ला कामावर. दिवाणजींचा १९ तारखेचा दिवस प्रवासास धरला, कारण त्या दिवशी घाटातून वर येणाऱ्या गाड्यांत उभे राहावयासही जागा नसते, आणि थकून आलेल्या माणसाने त्याच रात्री रोजमेळ करावा ही अपेक्षा चूक आहे. ते २१ ला गल्ला परत घेतील, पुन्हा मोजून आणि सह्या करून.

पाहावयाचे असे की, तिघेही मागत होते आणि तिघांनाही मिळाली, परंतु गल्ल्यास दुसरा हात तयार नसता तर एकालाही देता आली नसती.

दिवाळीचे असे जमत नाही. लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या दहा दिवसांत आमच्याकडे सातही माणसे अपुरी पडतात आणि कोणासही रजा नाही, हे आधीच सांगून टाकावे लागते. घड्या घालण्यास आणि माल काढून देण्यास दोन महाविद्यालयीन विद्यार्थी घेतो. त्यांना गल्ल्याजवळ किंवा ताग्याच्या कात्रीजवळ बसवत नाही. सर्वांना हवी असते ती पाडवा-भाऊबीज, आणि तेथे पाळीशिवाय उपाय नाही. बैलहोंगलच्या भगिनींनी गणपतीत गल्ला सांभाळला म्हणून दिवाळीचा पहिला हक्क त्यांचा. दुसरा हक्क मालाच्या गड्याचा, कारण त्याने पितृपक्ष सोडला. अमावास्येच्या पहाटे भगवान महावीरांच्या निर्वाणकल्याणकासाठी आम्ही आणि तो तरुण मंदिरात असतो, म्हणून त्या दिवशी दुकान उघडण्याची चावी ताग्यांच्या गृहस्थांकडे असते.

या गृहस्थांविषयी एक वेगळी गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्याचा सण इतरांच्या सणात येत नाही तो माणूस मालकास फार सोयीचा वाटतो, आणि प्रत्येक गणपती, दसरा, दिवाळीला त्यालाच उभे केले जाते. आम्हीही तसे केले आहे. त्यांच्या ईदच्या रजा पाळीत मोजू नयेत, आणि आपल्या सणांत त्यांनी जे अधिकचे दिवस भरले त्यांची नोंद करून ते मुलांच्या सुट्टीत, मे महिन्यात, परत द्यावेत, असा ठराव आम्ही वहीत लिहून ठेवला आहे.

ही पाळीची वही सारखी चालू ठेवावी लागते. प्रत्येकाचे एक पान. कोणत्या वर्षी कोणता सण घरी मिळाला, कोणता सोडला, आणि किती दिवस दुकानाकडे येणे राहिले, एवढेच तीत असते. ती गल्ल्याच्या खणात असून कोणीही पाहू शकतो. पूर्वी कोणावर अन्याय झाला हे प्रत्येकास आपल्यापुरते पक्के ठाऊक असे आणि मालकास मुळीच आठवत नसे.

कायद्याविषयी थोडेसे. कर्नाटकातील दुकाने व व्यापारी संस्थांच्या १९६१ च्या अधिनियमाप्रमाणे काम केलेल्या दर वीस दिवसांस एक दिवस पगारी वार्षिक रजा मिळते. वर्षात २८० दिवस काम झाले तर चौदा दिवस. दिवाणजींचे गणपतीचे पाच दिवस याच चौदांतून जातात. याहून वेगळ्या आहेत त्या १९६३ च्या अधिनियमाप्रमाणे द्यावयाच्या सुट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर आणि सणांच्या आणखी पाच. त्या दिवशी कामावर बोलावले तर दुप्पट पगार, किंवा पगार आणि बदली सुटी. २०२६ साली १ नोव्हेंबर हा रविवार लक्ष्मीपूजनाच्या बरोबर आठवडाभर आधी येतो. दुकान उघडे ठेवावयाचे असेल, तर बदली सुटी ११ नोव्हेंबरची भाऊबीज आणि २१ तारखेचे तुळशीचे लग्न यांच्या मधल्या दिवसांत आजच लिहून द्यावी. महाराष्ट्र, गोवा, तेलंगण येथील बंधूंनी आपापल्या राज्याचा नियम पाहावा.

दिवाणजींच्या कामात आणखी एक पंचांग आहे, ते सरकारचे. वस्तू व सेवा कराचे मासिक विवरण भरणाऱ्यांना विक्रीचे पत्रक ११ तारखेस आणि कराचे पत्रक २० तारखेस द्यावे लागते. २०२६ साली ११ ऑक्टोबरला घटस्थापना आहे, २० ऑक्टोबरला दसरा आहे आणि ११ नोव्हेंबरला भाऊबीज! तिन्ही वेळा पत्रके तीन दिवस आधी पुरी करावयाची, आणि कर सल्लागाराकडे कागद त्याच्याही आधी पोचवावयाचे, असे आम्ही ठरवले. त्यांच्या कचेरीतही माणसे रजेवर जातातच.

आराखडा कागदावर बसला म्हणजे चालला असे नाही. तो बिघडत असल्याची ओळख आम्हाला तीन ठिकाणी पटते. रजेवर गेलेल्या माणसास दुकानातून दिवसाला एकाहून अधिक दूरध्वनी जाऊ लागले, तर बदली माणूस खऱ्या अर्थाने तयार झालेला नाही. रात्रीचा मेळ लागोपाठ दोन दिवस चुकला, तर गल्ल्यावर माणूस आहे पण त्याच्याकडून साड्याही दाखवून घेतल्या जात आहेत, असे समजावे. आणि नाकारलेल्या रजेच्या दिवशीच कोणी आजारी पडू लागले, तर त्या माणसाशी चिडून न बोलता त्याचे पान उघडून पाहावे. बहुधा मागील दोन-तीन वर्षांचे काही येणे तेथे सापडते.

जेथे मालक धरून तिघेच आहेत अशा दुकानांना हा आराखडा लागू पडत नाही, हे कबूल केले पाहिजे. तेथे एक माणूस अधिक धरणे म्हणजे दुकानाचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवणे. अशांनी शेजारच्या दोन दुकानांशी बोलून पंचमी आणि भाऊबीजेची दुपार एकत्र बंद ठेवावी. सारी गल्ली बंद असली की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येते, एकच दुकान बंद असले तर पलीकडच्या दुकानात जाते.

२०२७ साली चतुर्थी ४ सप्टेंबरला येते. त्या वर्षाच्या पानावर आजपर्यंत तीन नोंदी आहेत. गौरीवाल्या भगिनींना दिवाळीचा पहिला हक्क, ताग्यांच्या गृहस्थांचे मे महिन्यातील सहा दिवस, आणि गल्ल्यासाठी तिसरा हात तयार करणे, कारण बैलहोंगलच्या भगिनींच्या घरी पुढील वर्षी लग्न निघण्याचा संभव आहे.